नोकरी बदलली, परिचय कुठे कुठे बदलायचा?

पुण्यातल्या आयटी क्षेत्रात दहा-बारा वर्षे काढलेल्या माणसाचा परिचय निदान सहा-सात ठिकाणी पसरलेला असतो. रेझ्युमेची फाईल, नोकरीच्या संकेतस्थळावरचे खाते, लिंक्डइन, गिटहब, एक्स, जमल्यास स्वतःची वेबसाईट, आणि कधीतरी दिलेल्या भाषणाच्या किंवा लिहिलेल्या लेखाच्या तळाशी असलेल्या चार ओळी. नोकरी एका दिवसात बदलते, पण या जागा जशा आठवतील तशा बदलत राहतात. तीन महिन्यांनी पाहावे तर एका ठिकाणी तो माणूस अजून जुन्या कंपनीत असतो, दुसरीकडे नव्या कंपनीत, आणि तिसरीकडे एकाच वेळी दोन्हींत. भरती करणारा मात्र रेझ्युमे उघडतो तेव्हा शेजारच्या टॅबमध्ये त्याचे लिंक्डइनही उघडतो. ऑफर मिळाल्यावर पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी येते. या तपासणीला सगळे बीजीव्ही म्हणतात, आणि तिचे काम हे सगळे कागदांशी ताडून पाहण्याचे असते.

यावर नेहमी दिला जाणारा सल्ला म्हणजे सगळीकडे एकच मजकूर ठेवा. मला तो चुकीचा वाटतो. एक्सवरच्या परिचयाला १६० अक्षरे मिळतात, लिंक्डइनच्या हेडलाईनला २२० आणि तिथल्याच ‘अबाउट’ला २,६००. एकच मजकूर सगळीकडे बसवायला गेलो तर एका ठिकाणी तो अर्धवट कापला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी उघडाबोडका दिसतो. शिवाय वाचणारेही वेगळे असतात. गिटहबवर आलेल्या माणसाला तुमच्या टीममध्ये किती जण होते याच्याशी काही देणेघेणे नसते. खरोखर जुळायला हव्यात त्या चारच गोष्टी: नियोक्त्याचे नाव, पद, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख. या चार गोष्टी कुठेही वेगळ्या दिसता कामा नयेत. बाकी सगळे जागेप्रमाणे वेगळे असले तर चांगलेच.

या चार गोष्टी कुठून घ्यायच्या? आठवणीतून नाही, आणि लिंक्डइनवर आधी लिहून ठेवल्या आहेत म्हणून तिथूनही नाही. पद आणि रुजू तारीख नेमणूकपत्रातून घ्यावी. सोडल्याची तारीख रिलीव्हिंग लेटरमधून. मधल्या काळात बढती मिळाली असेल तर त्या पत्रातून. भारतात या कागदांखेरीज आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे खाते. यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक आस्थापनेचे नाव, रुजू होण्याची तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. पद तिथे दिसत नाही. बीजीव्हीवाले तारखा पडताळायला बहुधा हीच यादी मागतात. म्हणून रेझ्युमेला हात लावण्यापूर्वी ती यादी उघडून पाहावी. बऱ्याच जणांना तिथे स्वतःच्याच नोकरीचे अनोळखी नाव भेटते. कंपनी बाजारात एका नावाने ओळखली जाते आणि पगार देणारी कायदेशीर संस्था दुसऱ्याच नावाची असते. थर्ड पार्टी पेरोलवर काम केलेल्यांचा घोटाळा याहून मोठा असतो. तीन वर्षे ते एका बँकेच्या कार्यालयात बसले, बँकेचे ओळखपत्र गळ्यात घातले, पण त्यांचा पीएफ भरत होती मनुष्यबळ पुरवणारी कंपनी. रेझ्युमेत बँकेचे नाव आणि यूएएनमध्ये दुसरेच, असे दिसले की तपासणारा तिथेच थांबतो. अशा वेळी नियोक्ता म्हणून पेरोल कंपनीचे नाव द्यावे आणि त्याच ओळीत ‘क्लायंट’ म्हणून बँकेचे. हे रेझ्युमेत आणि लिंक्डइनवर एकाच पद्धतीने लिहावे.

पदाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पेरोलवरचे पद आणि रोजच्या कामातले पद वेगळे असणे ही आपल्याकडे अपवादाची गोष्ट नाही. टीसीएससारख्या कंपनीत ‘असिस्टंट कन्सल्टंट’ ही श्रेणी असते. ती व्यक्ती प्रत्यक्षात टीम चालवत असेल, सल्ला देणे हे तिचे काम नसेलही. गुंतवणूक बँकांच्या पुण्यातल्या कार्यालयांत ‘व्हाइस प्रेसिडेंट’ हे मधल्या फळीतले पद असते. तिथून कुणी प्रॉडक्ट कंपनीत ‘सीनियर इंजिनियर’ म्हणून गेले तर बाहेरच्याला ती घसरण वाटते. मग मोह होतो जुने पद थोडे फिरवून लिहिण्याचा, कुठे वर तर कुठे खाली. तो टाळावा. पत्रावरचे पद जसेच्या तसे पहिले लिहावे आणि स्वल्पविराम देऊन प्रत्यक्ष काम लिहावे: ‘टेक्निकल स्पेशालिस्ट, सहा जणांच्या चाचणी टीमचे नेतृत्व’. लिंक्डइनच्या हेडलाईनमध्ये नुसते ‘टेस्ट लीड’ म्हटले तरी हरकत नाही, कारण ती ओळख करून देणारी ओळ आहे. पण त्याखालच्या अनुभवाच्या नोंदीत पद म्हणून पत्रावरचाच शब्द हवा. तपासणारा वाचतो ती हीच नोंद.

सगळ्यांत जास्त वेळा दिसणारी चूक मात्र नोकरी बदलताना होत नाही, ती बढती मिळाल्यावर होते. माणूस लिंक्डइनवर जातो, जुन्या नोंदीवरची पेन्सिल दाबतो, ‘सीनियर इंजिनियर’ खोडून ‘मॅनेजर’ लिहितो आणि बंद करतो. तारीख तशीच राहते. आता त्या नोंदीप्रमाणे तो २०१८ पासूनच मॅनेजर आहे. रेझ्युमेत मात्र त्याने बढतीचे वर्ष २०२२ असे प्रामाणिकपणे दिलेले असते. त्याने खोटे काही लिहिलेले नाही, तरी दोन कागद एकमेकांना खोटे ठरवतात. यावरचा उपाय सोपा आहे. जुनी नोंद खोडायची नाही. तिला शेवटची तारीख द्यायची आणि त्याच कंपनीत नवी नोंद जोडायची. कंपनीचे नाव टाइप करताना खाली येणाऱ्या यादीतून तेच अधिकृत पान निवडले, तर लिंक्डइन दोन्ही पदे एका कंपनीखाली एकत्र दाखवते. नाव हाताने लिहून सोडले तर लोगो येत नाही आणि दोन वेगळ्या नोकऱ्या केल्यासारखे वाटते. रेझ्युमेतही हीच रचना ठेवावी. वर कंपनी आणि तिथला एकूण काळ, खाली पदे आपापल्या तारखांसह.

कधी माणूस जागचा हलत नाही आणि नियोक्ताच बदलतो. महाराष्ट्रातल्या आयटीवाल्यांना हे चांगले ठाऊक आहे. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स २०११ मध्ये आयगेटने घेतली आणि आयगेट २०१५ मध्ये कॅपजेमिनीने. सत्यम आधी महिंद्र सत्यम झाली आणि २०१३ मध्ये टेक महिंद्रात विलीन झाली. २०१९ मध्ये पुण्याच्या केपीआयटीची पुनर्रचना झाली तेव्हा आयटी सेवांचा व्यवसाय बिर्लासॉफ्टकडे गेला, आणि वाहन उद्योगासाठीचे अभियांत्रिकीचे काम केपीआयटी या नावाने वेगळे झाले. २००८ ते २०१७ अशी सलग नऊ वर्षे पटनीच्या त्याच इमारतीत बसलेल्या माणसाने काय लिहायचे? तीन नोकऱ्या दाखवल्या तर तो उड्या मारणारा वाटतो. नुसते कॅपजेमिनी लिहिले तर २००८ चे नेमणूकपत्र त्या नावाचे नसते. मला पटलेली रीत अशी: एकच नोंद, एकच सलग काळ, आणि नाव ‘कॅपजेमिनी (पूर्वी पटनी, नंतर आयगेट)’. ज्याने विलीनीकरणापूर्वीच कंपनी सोडली त्याने उलट लिहावे, ‘पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स (आता कॅपजेमिनी)’. त्याने कॅपजेमिनीत काम केले असे म्हणणे खरे नाही.

तारखेचा गुंता इथे वेगळा होतो. यूबीएसने क्रेडिट स्विसचे अधिग्रहण १२ जून २०२३ रोजी पूर्ण केले, पण दोन्हींच्या मूळ बँकांचे कायदेशीर विलीनीकरण ३१ मे २०२४ ला झाले. पुण्यात क्रेडिट स्विसमध्ये असलेल्या कर्मचाऱ्याने यांपैकी कुठलीच तारीख बातमीतून उचलू नये. त्याची तारीख त्याला मिळालेल्या पत्रावर असते, आणि ती या दोन्हींपेक्षा वेगळी असू शकते.

आता एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. समजा हिंजवडीतली एक टेस्ट लीड आहे, पत्रावर ‘टेक्निकल स्पेशालिस्ट’. नोटीस पिरियड ९० दिवसांचा. शेवटचा दिवस शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५. नव्या कंपनीत ‘मॅनेजर, क्वालिटी इंजिनियरिंग’ म्हणून सोमवारी, १७ मार्चला रुजू व्हायचे आहे. मध्ये सोळा दिवस.

नोटीस चालू असताना तिने बाहेर काहीही बदलू नये. नवे नाव आधीच लावण्याचा उत्साह समजण्यासारखा आहे, पण रुजू होईपर्यंत ती त्या कंपनीची नाही, आणि ऑफर मागे घेतल्या गेल्याची उदाहरणे या क्षेत्राने पाहिली आहेत. या काळात तिने स्वतःपुरती एक साधी फाईल तयार करावी. त्यात वरच्या चार गोष्टी पत्रांवरून उतरवाव्यात, प्रत्येक नोकरीच्या, दिवसासह पूर्ण तारखांनी. लिंक्डइनला महिना आणि वर्ष पुरते, रेझ्युमेलाही. पण बीजीव्हीचा फॉर्म दिवस मागतो, आणि तिथे अंदाजाने १ तारीख टाकली की ती यूएएनशी जुळत नाही. त्याच फाईलमध्ये परिचयाचे तीन आकार लिहावेत: १६० अक्षरांत बसणारी एक ओळ, पन्नासेक शब्दांचा परिच्छेद, आणि शंभर-दीडशे शब्दांचा मोठा परिचय. तिन्ही मराठीत आणि इंग्रजीत. यापुढे कुणीही परिचय मागितला की तो इथूनच जाईल. जुन्या मेलमधून शोधून पाठवायचा नाही.

२८ तारखेला संध्याकाळी, किंवा दुसऱ्या दिवशी, पहिला टप्पा येतो, आणि बहुतेक जण हाच गाळतात. तिने लिंक्डइनवर जुन्या नोंदीला ‘फेब्रुवारी २०२५’ ही शेवटची तारीख द्यावी. हेडलाईन वेगळी साठवलेली असते आणि नोंद बंद केली म्हणून ती आपोआप शुद्ध होईल असे धरून चालू नये. तिथून जुन्या कंपनीचे नाव हाताने काढावे. प्रोफाइल दुसऱ्या भाषेतही ठेवली असेल तर तिथली हेडलाईन निराळी पाहावी लागते. गिटहबवर ‘कंपनी’ हा रकाना परिचयापासून वेगळा असतो, तोही रिकामा करावा. एक्सवरच्या ओळीतून नाव काढावे. या सोळा दिवसांत परिचय फक्त असा असेल: ‘सॉफ्टवेअर चाचणी, २०११ पासून. पुणे.’ बेकार दिसू या भीतीने जुन्या कंपनीचे नाव तसेच ठेवण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत ती तिथे कामाला नाही आणि तिथले सहकारी ते पाहतही असतात.

१७ मार्चनंतरच्या आठवड्यात दुसरा टप्पा. नेमणूकपत्रावरचे पद ऑफर लेटरमधल्या पदाशी ताडून पाहावे, कारण दोन्हींत फरक निघतो आणि खरे पत्र नेमणुकीचे. मग फाईल, मग रेझ्युमे, मग वेबसाईट, मग लहान खाती, आणि सर्वांत शेवटी लिंक्डइन. क्रम मुद्दाम असा ठेवायचा. लिंक्डइनवर नव्या नोकरीची बातमी गेली की त्याच दिवशी लोक प्रोफाइलवर येतात आणि तिथून वेबसाईटच्या दुव्यावर टिचकी मारतात. तिथे जुनी कंपनी दिसली तर नेमकी जास्तीत जास्त लोकांना दिसते. नवी नोंद जतन करताना नेटवर्कला कळवण्याचे बटण बंद ठेवता येते. आधी सगळे नीट बसले आहे का पाहावे आणि मग वाटल्यास स्वतःच्या शब्दांत पोस्ट लिहावी. नव्या कंपनीचे समाजमाध्यमांविषयीचे नियम त्याआधी वाचलेले बरे.

तिसरा टप्पा दोनेक महिन्यांनी. यूएएनमध्ये जुन्या नियोक्त्याने सोडल्याची तारीख भरली आहे का ते पाहायचे. ती रिकामी राहिली आणि नव्या कंपनीचा पीएफ सुरू झाला, तर कागदावर एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात. अलीकडे याचा अर्थ लपूनछपून दुसरे काम केले असा लावला जातो. नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर कर्मचारी स्वतः सदस्य पोर्टलवर ही तारीख नोंदवू शकतो. तिथे २८ फेब्रुवारीच टाकायचे, कारण रिलीव्हिंग लेटरवर तीच आहे.

वेबसाईटचे काम सोपे वाटते, आणि तिथेच सर्वाधिक अवशेष उरतात. माणूस ‘माझ्याविषयी’चे पान बदलतो आणि काम झाले समजतो. पण वर्डप्रेसवर लेखांखाली येणारी लेखकाची चौकट त्या पानातून येत नाही, ती वापरकर्त्याच्या खात्यातल्या परिचयातून येते. शिवाय गुगलसाठी लिहिलेले वर्णन, दुवा व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर दिसणारा मजकूर, आणि पानाच्या पोटात ठेवलेली ही माहिती डोळ्यांना दिसतच नाही:

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "Person",
  "jobTitle": "Manager, Quality Engineering",
  "worksFor": {
    "@type": "Organization",
    "name": "New Company"
  }
}
```

`jobTitle` आणि `worksFor` हे वर्षानुवर्षे जुने राहिलेले मी अनेक साईटींवर पाहिले आहेत. साईट साध्या फाईलींवर चालत असेल तर जुने नाव सगळीकडे शोधणे एका ओळीचे काम आहे:

```
grep -rni "Old Company" .
```

सापडलेली प्रत्येक ओळ मात्र वाचूनच बदलावी, कारण जुन्या लेखातले ‘मी तिथे काम करत असताना’ हे वाक्य बरोबरच असते. रेझ्युमेची पीडीएफ नेहमी एकाच पत्त्यावर ठेवावी, उदाहरणार्थ `/resume.pdf`, आणि नवी फाईल तिच्या जागी टाकावी. नावात वर्ष घालून दरवेळी नवी फाईल चढवली तर जुन्या सगळ्या सर्व्हरवर पडून राहतात आणि शोधात वर येत राहतात. सगळे बदलूनही लिंक्डइनवर दुवा टाकल्यावर जुनेच वर्णन दिसले, तर ती तिथे साठवलेली प्रत असते. लिंक्डइनच्या पोस्ट इन्स्पेक्टरमध्ये तो पत्ता टाकला की नवी प्रत घेतली जाते. गुगलला सर्च कन्सोलमधून पान पुन्हा पाहायची विनंती करता येते, तिला काही दिवस लागतात.

काही जागा मात्र बदलायच्याच नसतात, आणि सुसंगतीच्या हौसेत हे विसरले जाते. २०२२ च्या परिषदेच्या पानावर वक्त्याची तेव्हाची कंपनी आहे, ती बरोबर आहे. ती नोंद त्या दिवसाची आहे. संशोधकांमध्ये याची पक्की रीत आहे. निबंधावर पत्ता राहतो तो काम जिथे झाले त्या संस्थेचा, आणि मधल्या काळात जागा बदलली असेल तर सध्याचा पत्ता तळटीपेत येतो. गुगल स्कॉलरची प्रोफाइल मात्र चालू असते. तिथे पडताळलेला मेल जुन्या संस्थेचा राहिला तर नावाखाली तेच संकेतस्थळ दिसत राहते, म्हणून ते बदलावे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दिवाळी अंक हे यातले सर्वांत अवघड ठिकाण. परिचयाच्या ओळी लेखासोबत पावसाळ्यात जातात आणि छापून येतात दिवाळीला. मधल्या महिन्यांत नोकरी बदलली तर अंक वर्षभर जुनेच सांगत राहतो. म्हणून छापील परिचयात ‘सध्या’ हा शब्द आणि पदनाम दोन्ही टाळावे. ‘चौदा वर्षांचा अनुभव’ हेही पुढच्या वर्षी खोटे ठरते, ‘२०११ पासून सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात’ हे कधीच खोटे ठरत नाही. हाच नियम मी आता प्रत्येक परिचयाला लावतो, छापील असो वा नसो. परिचयात वर्षे मोजण्यापेक्षा आरंभाचे साल दिले की दुरुस्तीची निम्मी कामे मुळातच राहत नाहीत.

खात्याच्या नावात नियोक्ता असेल तर प्रश्न मजकुराच्या पलीकडे जातो. ब्रिटिश पत्रकार लॉरा कुन्सबर्ग २०११ मध्ये बीबीसीतून आयटीव्हीत गेल्या तेव्हा त्यांचे ट्विटर खाते `@BBCLauraK` या नावाचे होते. ते `@ITVLauraK` झाले आणि बीबीसीत जमलेले वाचक त्यांच्यासोबत गेले. अमेरिकेत नोआ क्राविट्झ यांनी २०१० मध्ये फोनडॉग हे मोबाइल फोनविषयीचे संकेतस्थळ सोडताना `@PhoneDog_Noah` हे खाते आपल्या नावाने केले. त्याचे सुमारे १७ हजार अनुयायी होते. कंपनीने २०११ मध्ये दावा लावला आणि २०१२ च्या अखेरीस तडजोड झाली. खात्याच्या नावात, लिंक्डइनच्या पत्त्यात किंवा स्वतःच्या डोमेनमध्ये कंपनीचे नाव गुंफू नये. वैयक्तिक खात्यांना कंपनीचा मेल जोडू नये. शेवटच्या दिवशी तो मेल बंद होतो आणि पासवर्ड परत मिळवायची वाटही त्याच्याबरोबर बंद होते. मग परिचय बदलायचा तर खात्यात शिरताच येत नाही.

सगळे झाल्यावर तपासणी करायची ती खात्यातून बाहेर पडून, खाजगी खिडकीत. लॉगिन असताना स्वतःची प्रोफाइल आपल्याला वेगळी दिसते. शोधात आपले पूर्ण नाव अवतरणचिन्हांत आणि जुन्या कंपनीचे नाव अवतरणचिन्हांत टाकावे, एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत. येणाऱ्या पानांची तीन गटांत विभागणी होते. आपल्या ताब्यातली पाने लगेच बदलायची. दिनांकित नोंदी तशाच सोडायच्या. तिसरा गट दुसऱ्यांच्या ताब्यातल्या, पण चालू पानांचा: एखाद्या संस्थेची सल्लागारांची यादी, प्रकाशकाचे लेखकांचे पान, माजी विद्यार्थ्यांच्या संघाची डिरेक्टरी. त्यांना आपल्या फाईलमधला योग्य आकाराचा परिचय मेलमध्ये तयार करूनच पाठवावा. नुसते ‘माझी माहिती बदला’ असे कळवले तर कुणीतरी आपल्या लिंक्डइनवरून मनाने चार ओळी रचतो, आणि पद पुन्हा तिसऱ्याच रूपात अवतरते.